काकांची चिठ्ठी, शेजारचा खड्डा आणि खिडकीच्या कोपऱ्यातला तडा

आमच्या ओळखीतल्या एका काकांच्या घराशेजारी जुनं घर पाडून नवीन बिल्डिंगचं काम सुरू झालं. काकांचं घर विटांच्या भिंतींवर उभं, तळमजला आणि वर एक मजला, म्हणजे कॉलम-बीमचा सांगाडा नाही, सगळा भार भिंतींवरच. पहिले दोन आठवडे शेजारी ब्रेकर चालू होता, जुन्या पायाचं काँक्रीट फोडत होते, आणि काका काकू पार वैतागले होते. कपाटातली भांडी वाजायची, खिडकीच्या काचा थरथरायच्या, रोज संध्याकाळी सगळ्या घरावर पांढरट धुळीचा थर. काकूंना दम्याचा त्रास. मग एक दिवस काकांना हॉलच्या खिडकीच्या कोपऱ्यात तडा दिसला आणि त्याच रात्री त्यांनी शेजारच्या मालकांना मेसेज केला. साधारण असा, की तुमच्या ब्रेकरने आमचं घर खिळखिळं झालंय, सगळीकडे तडे गेलेत, ताबडतोब काम बंद करा नाहीतर बघून घेऊ.

उत्तर आलं, "ब्रेकर नियमात आहे, तुमचं घर जुनं आहे, तडे आधीचेच असतील." विषय संपला.

मी स्ट्रक्चरचं काम करते म्हणून काकांनी मला बोलावलं. हे प्रकरण सविस्तर लिहितेय कारण यात काकांची तक्रार खरी होती पण बोट चुकीच्या गोष्टीकडे होतं, आणि बोट चुकीच्या गोष्टीकडे असलं की समोरच्याला नाही म्हणणं फार सोपं जातं.

मी आधी घरभर फिरले, हातात टॉर्च आणि तडे मोजायचं प्लास्टिकचं कार्ड, ज्यावर ०.१ मिमीपासून वेगवेगळ्या जाडीच्या रेघा छापलेल्या असतात, तड्याशेजारी धरायचं आणि कुठली रेघ जुळते ते बघायचं. "सगळीकडे तडे" म्हणजे मोजले तर सात निघाले. त्यातले चार जुने होते, आणि हे मी काकांना तोंडावर सांगितलं, त्यांना आवडलं नाही. पण जुना तडा ओळखू येतो. त्याच्या आत धूळ, जाळी बसलेली असते, कडा झिजून गोल झालेल्या असतात, आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे आत रंग शिरलेला असतो, कारण मागच्या रंगकामाच्या वेळी तडा तिथे होताच. ताज्या तड्याच्या कडा धारदार असतात आणि आतली वीट नाहीतर प्लास्टर स्वच्छ दिसतं. वरच्या मजल्यावरचे दोन बारीक तडे ताजे होते, पण ते भिंत आणि स्लॅब जिथे जुळतात तिथे आडवे, केसाएवढे, फक्त प्लास्टरमधले. असे तडे कंपनाने पडू शकतात आणि नुसत्या उन्हाने तापूनसुद्धा पडतात, त्यावर भांडण्यात अर्थ नाही.

सातवा मात्र वेगळा होता. हॉलच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला, विटांच्या सांध्यासांध्यातून पायऱ्यापायऱ्यांनी वर गेलेला, खाली जेमतेम दिसणारा आणि वर ०.४ मिमी रुंद. हीच भिंत शेजारच्या साइटकडच्या कोपऱ्याला जाऊन मिळते. वर रुंद आणि खाली बारीक असा तिरका तडा बघितला की मला पहिला संशय हा येतो की भिंतीचं एक टोक खाली बसतंय, म्हणजे कोपरा शेजारच्या बाजूला किंचित कलतोय आणि भिंत वरून उघडतेय. ब्रेकरच्या हादऱ्याचा तडा असा पद्धतशीर एका दिशेला उघडत जात नाही.

मग गच्चीवर जाऊन शेजारी बघितलं. जुना पाया काढून झाला होता आणि बेसमेंटची खोदाई सुरू होती. काकांच्या भिंतीपासून खड्ड्याची कड ६ फूट, खड्डा तेव्हा ८ फूट खोल. काकांच्या घराच्या पायाची खोली त्यांच्याकडच्या जुन्या नकाशात ४ फूट होती. इथे एक ढोबळ हिशोब करता येतो जो कुणीही करू शकतं. पायाच्या तळापासून बाहेरच्या दिशेने ४५ अंशात खाली एक रेघ काढा, म्हणजे जितकं खाली जाल तितकंच बाहेर. खड्डा त्या रेघेच्या आत घुसला की पायाखालच्या मातीचा बाजूचा आधार जायला लागतो. खड्डा ८ फूट असताना पायाच्या तळापेक्षा ४ फूट खाली, आणि अंतर ६ फूट, म्हणजे रेघेच्या बाहेर. पण बेसमेंट १२ फूट जाणार होतं. तेव्हा तो पायापेक्षा ८ फूट खाली, अंतर तेच ६, म्हणजे रेघेच्या आत. आणि खड्ड्याच्या बाजूला काहीही आधार नव्हता, सरळ उभी मातीची भिंत. (हा हिशोब इशारा देण्यापुरता आहे. माती भुसभुशीत असेल किंवा पाणी लागलं तर रेघेच्या बाहेर असूनही जमीन बसू शकते. इथेही थोडी हालचाल १२ फुटांच्या आधीच झालेली असणार, नाहीतर तो ०.४ चा तडा आला कुठून.)

त्या सोमवारी मी तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून तारीख लिहिली. मधे एका जागी छोटी चौकट काढली, की रुंदी दर वेळी इथेच मोजायची. आणि काकांना सांगितलं, रोज सकाळी आठला मोजा, फोटो काढताना पट्टी बाजूला धरा, दुपारी मोजू नका. भिंत उन्हाने फुगते आणि तडा दुपारी थोडा मिटतो किंवा उघडतो, मग रोजच्या आकड्यांत घोळ होतो. काच चिकटवायची जुनी पद्धत पण आहे, तड्यावर पातळ काचेची पट्टी दोन्ही बाजूंना पक्की बसवायची, हालचाल झाली की ती फुटते. ती पण लावली, पण काच फक्त "हललं" एवढंच सांगते, किती ते सांगत नाही, म्हणून कार्ड पाहिजेच.

आणि अजून एक काम दिलं ज्याला काका कंटाळले होते पण शेवटी तेच सगळ्यात कामी आलं. वहीत रोज लिहायचं की शेजारी आज काय चाललंय. ब्रेकर किती ते किती, पोकलेन खोदतंय का, ट्रक किती वाजता, पाणी मारलं का.

आठवडा असा गेला. सोमवारी ०.४. मंगळवार, बुधवार दिवसभर ब्रेकर चालू होता, कोपऱ्यातला राहिलेला काँक्रीटचा तुकडा फोडत होते, भांडी वाजत होती, काकू घाबरून मागच्या खोलीत बसून होत्या. गुरुवारी सकाळी रुंदी ०.४. म्हणजे काहीच नाही. गुरुवारपासून ब्रेकर बंद, शांतता, फक्त पोकलेन खोदत होतं आणि काकांच्या बाजूने खड्डा ८ चा १२ फूट झाला. शुक्रवारी सकाळी ०.६, काच फुटलेली. शनिवारी सकाळी ०.९ आणि तडा पेन्सिलच्या खुणेपुढे वीतभर सरकलेला. त्याच दिवशी काकू म्हणाल्या, मागच्या खोलीचं दार आता घासतंय.

म्हणजे ज्या दिवसांत घर थरथरत होतं त्या दिवसांत तडा जागचा हलला नाही, आणि ज्या दिवशी सगळं शांत होतं तेव्हा तो वाढला. या एका गोष्टीवर पुढची सगळी चिठ्ठी उभी राहिली.

कंपनाबद्दल एवढं सांगायला पाहिजे की माणसाचं शरीर फार हळवं मापक आहे. घरात बसलेल्या माणसाला सेकंदाला ०.३ मिमीच्या आसपासचं कंपन जाणवायला लागतं आणि १ मिमीला लोक तक्रार करतात. पण जर्मन मानक डीआयएन ४१५० चा तिसरा भाग राहत्या घरांसाठी, पायाशी मोजलेल्या थोड्या वेळाच्या हादऱ्यांना, अगदी संथ कंपनात ५ मिमीची मर्यादा धरतो आणि वेगवान कंपनात त्याहून जास्त चालतं म्हणतो. सतत चालणाऱ्या कंपनासाठी वरच्या मजल्यावर आडवं मोजायचं, तिथेही घराला आकडा ५ च आहे. नाजूक जुन्या वास्तूंना हे आकडे कमी होतात. म्हणजे जाणवणं आणि नुकसान होणं यात पंधरा पटीहून जास्त अंतर आहे, आणि कॉन्ट्रॅक्टरला हे माहीत असतं, म्हणून "भांडी वाजतात" या तक्रारीवर तो निवांत असतो. पण एक अपवाद लक्षात ठेवा, पायाखाली सैल वाळू किंवा भराव असेल तर कमी कंपनातही ती माती दबून बसू शकते आणि तिथे हे आकडे तुम्हाला वाचवत नाहीत.

शनिवारी सकाळी मी काकांना म्हटलं, आधी फोन, चिठ्ठी मग. आकडे वाढत असताना कागद लिहीत बसायचं नसतं. मी स्वतः साइट इंजिनिअरशी बोलले, म्हटलं या बाजूची खोदाई आता थांबवा, बाकी काम चालू ठेवा, तासाभरात चिठ्ठी आणून देते. "सगळं काम बंद करा" म्हटलं असतं तर तो मालकाला विचारतो म्हणाला असता. एका बाजूची पट्टी थांबवायची हा निर्णय त्याच्या हातातला होता, त्याने थांबवली. चिठ्ठी ही होती, काकांच्या नावाने:

"सप्रेम नमस्कार,

तुमच्या कामाला आमचा विरोध नाही. पण गेल्या आठवड्यात आमच्या घरात जे मोजलं गेलं ते तुम्हाला आजच कळणं गरजेचं आहे म्हणून लिहितोय. मागचा मेसेज मी रागात पाठवला होता, त्यात सगळे तडे ब्रेकरमुळे पडले असं म्हटलं होतं. ते बरोबर नव्हतं. सातपैकी चार तडे जुने आहेत, त्यांच्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही.

काळजी एका तड्याची आहे. हॉलच्या खिडकीच्या वरचा, तुमच्या साइटकडचा. सोमवार ते गुरुवार सकाळपर्यंत तो ०.४ मिमी होता, तेव्हा ब्रेकर चालू होता. गुरुवारी आमच्या बाजूची खोदाई १२ फुटांपर्यंत गेल्यावर शुक्रवारी ०.६ आणि आज ०.९ झाला आहे, आणि एक दार घासायला लागलं आहे. फोटो आणि रोजच्या नोंदी सोबत आहेत. आमच्या पायाची खोली ४ फूट आहे, खड्ड्याची कड ६ फुटांवर आहे आणि खड्ड्याला आधार दिसत नाही.

विनंती अशी की, आमच्या भिंतीलगतच्या पट्टीत पुढची खोदाई आणि उभ्या मातीच्या बाजूला कोणतंही काम आधार देईपर्यंत करू नये. तो आधार कसा देणार याचं ड्रॉइंग तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने आम्हाला दाखवावं. काढलेल्या मातीचा ढीग आणि पोकलेन आमच्या बाजूच्या कडेवर ठेवू नये.

धुळीबद्दल, घरात दम्याचा पेशंट आहे. ब्रेकर चालू असताना फोडायच्या जागीच पाण्याचा फवारा असावा, नंतर अंगणात पाणी मारून उपयोग होत नाही. मातीचा ढीग झाकावा. फक्त पाणी खड्ड्यात आमच्या बाजूला साचू देऊ नये. ब्रेकर पुन्हा लागणार असेल तर आदल्या दिवशी वेळ कळवावी आणि पहिल्या दिवशी आमच्या घरात कंपन मोजून आकडा द्यावा.

आज संध्याकाळी ५ वाजता तुमचे स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि साइट इंजिनिअर घेऊन आधी आमच्या घरात आणि मग साइटवर पाहणी करू. आज जमत नसेल तर उद्या सकाळी ८. पाहणीत जे दिसेल ते दोघांनी लिहून सही करू. नुकसान कोणामुळे हे आज ठरवायचं नाही, आज फक्त हालचाल थांबवायची आहे.

या पत्राच्या प्रतीवर पोच द्यावी."

यातल्या दोन ओळींवर काकांशी माझं बरंच झालं. एक, जुने तडे कबूल करायची. काका म्हणे आपण आपलंच नुकसान का सांगायचं. पण समोरचा येऊन तेच चार तडे बघणार, आत रंग दाखवणार, आणि मग सातव्यालाही तोच शिक्का लागणार. आपण आधीच बाजूला काढले की त्याच्यापुढे तो एकच तडा राहतो. दुसरी ओळ, नुकसान कोणामुळे हे आज ठरवायचं नाही. काकांना ती माघार वाटली. पण पाहणीला येणं म्हणजे दोष कबूल करणं असं वाटलं की कॉन्ट्रॅक्टर येतच नाही, वकिलाशी बोलून कळवतो म्हणतो, आणि आपल्याकडे तेवढा वेळ नव्हता.

पाण्याची ओळ मात्र मी मुद्दाम घातली. धूळ आणि खड्डा या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात जाऊ शकतात. शेजाऱ्याने पाणी मारा म्हटलं म्हणून पोरगा पाइप सोडून जातो, पाणी खड्ड्याच्या कडेतून झिरपतं, माती मऊ होते आणि जी भिंत सुकी असताना उभी होती ती घसरते. बारीक फवारा जिथे धूळ निर्माण होते त्या टोकाला, एवढंच हवं असतं. हिरव्या जाळीबद्दल मी काहीच लिहिलं नाही, जाळी ढेकळं आणि मोठी धूळ अडवते, काँक्रीट फोडल्यावर उडणारी सिलिकाची बारीक धूळ, जी डोळ्याला दिसत नाही आणि फुफ्फुसात खोल जाते, ती जाळीतून आरामात येते. कॉन्ट्रॅक्टर जाळी लगेच लावतो कारण ती लांबून दिसते.

पाच वाजता ते आले. स्ट्रक्चरल इंजिनिअर बाई होत्या, बोलायला कडक पण वही उघडून बसल्या. पहिलं वाक्य अपेक्षेप्रमाणे, "घर जुनं आहे ना." काकांनी काही न बोलता वही पुढे केली. त्यांनी तारखा बघितल्या, ब्रेकरचे दिवस, खोदाईचे दिवस, मग टॉर्च मागितली, तड्याच्या आत बघितलं, दार उघडून बंद केलं. मग म्हणाल्या, खाली जाऊ.

साइटवर जे दिसलं ते घरातून दिसलं नसतं आणि म्हणून पाहणी दोन्हीकडे करायची. खड्ड्याच्या कडेला, भिंतीपासून साधारण ३ फुटांवर, जमिनीत भिंतीला समांतर एक लांब चीर होती. खड्ड्याच्या कडेला समांतर चीर म्हणजे मातीचा तो सगळा तुकडा खड्ड्याकडे सरकायला लागलाय. आणि कड्याच्या अगदी वर काढलेल्या मातीचा ढीग, तो वेगळाच भार. ड्रॉइंगमध्ये त्या बाजूला आधार दाखवलेला होता, स्टीलच्या उभ्या सेक्शनचा आणि आडव्या टेकूंचा. खोदाईवाल्याने आधी खोदून घेतलं, आधार "सोमवारी येणार होता".

त्या बाईंनी तिथेच सांगितलं की ढीग काढा आणि त्या बाजूला खड्ड्यात माती परत भरा, उतार करून, पायथ्याला रुंद. रात्री नऊपर्यंत पोकलेनने तेच केलं. ज्याला खोदायला दोन दिवस लागले ते चार तासांत परत भरलं, मला त्यात थोडी मजा वाटली हे कबूल करते. पुढच्या आठवड्यात सेक्शन आणि टेकू बसले, मग भरलेली माती एका वेळी थोडी थोडी, एक आड एक तुकड्यात काढली, म्हणजे पूर्ण भिंत एकदम उघडी पडली नाही.

रविवारी तडा १.० होता, सोमवारी १.१, आणि मग तीन आठवडे १.१ वरच. दुपारी कधी १.२ दिसायचा, सकाळी परत १.१. ब्रेकर नंतर एकदा दोन दिवस लागला, तेव्हा त्यांनी मशीन आणून काकांच्या घरात पायाशी आणि वरच्या मजल्यावर, दोन्हीकडे कंपन मोजलं, सगळ्यात जास्त सेकंदाला २.१ मिमी आलं. काकूंना आकडा बघून बरं वाटलं, भांडी तरी वाजतच होती. धुळीचा फवारा पहिला आठवडा नीट चालला, मग पोरं विसरायला लागली, काका रोज गच्चीवरून ओरडतात, त्याला काही इलाज सापडलेला नाही.

तडा अजून भरलेला नाही. मीच नको म्हटलंय, बेसमेंटच्या भिंती बांधून त्यांच्यामागे माती भरून होईपर्यंत थांबायचं, नाहीतर भरलेला तडा शेजारीच परत उघडतो आणि मग नवा कुठला आणि जुना कुठला हे कुणालाच सांगता येत नाही. खर्चाचं त्यांनी लेखी मान्य केलंय, पण फक्त त्या तड्याचा आणि दाराचा. वरच्या मजल्यावरच्या दोन केसाएवढ्या तड्यांबद्दल काका अजून हट्ट धरून आहेत, आणि पुढच्या पाहणीत ते परत काढणार आहेत.